दोघांना पडलेले एकच स्वप्न

प्रस्तावना

‘अगं, मलाही काल अगदी हेच दिसलं!’ हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारले गेले नाही, असे घर सापडणे अवघड. नवरा-बायको, दोन बहिणी, वसतिगृहातल्या एका खोलीत राहणाऱ्या मैत्रिणी, परदेशी गेलेला मुलगा आणि इथली आई, अशा कुणाच्या ना कुणाच्या तोंडी ते येते. ऐकणाऱ्याच्या अंगावर क्षणभर काटा येतो आणि पुढची अनेक वर्षे ती हकिकत घरात सांगितली जाते. हे पुस्तक त्या अनुभवाविषयी आहे. तो अनुभव खोटा असतो असे मला कधीही वाटले नाही. सांगणारी माणसे बहुतेक वेळा सरळ मनाने सांगतात, त्यांना काही मिळवायचे नसते. पण अनुभव खरा असणे आणि त्यामागचे जे कारण आपण मानतो ते खरे असणे, या दोन गोष्टींमध्ये बरेच अंतर आहे. ते अंतर नेमके कुठे पडते हे पाहणे एवढेच या प्रस्तावनेचे काम.

‘आम्हा दोघांना एकच स्वप्न पडले’ या विधानात तीन दावे एकात एक गुंतलेले असतात. दोघांनाही स्वप्न पडले, हा पहिला. ती स्वप्ने सारखी होती, हा दुसरा. आणि त्या सारखेपणाला एका मनातून दुसऱ्या मनात गेलेल्या संदेशाखेरीज दुसरे कारण असू शकत नाही, हा तिसरा. वाद नेहमी तिसऱ्यावर होतो. टेलिपथी असते की नसते, यावर माणसे तावातावाने बोलतात. मधला दावा मात्र कुणी तपासत नाही. तो जणू सिद्धच आहे असे धरून चालतात. माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. दोन स्वप्ने सारखी होती की नाही हे तपासण्याची संधी जाग आल्यानंतरची काही मिनिटेच असते. दोघे एकमेकांशी बोलले की ती संपते आणि नंतर कितीही प्रामाणिकपणे आठवले तरी परत मिळत नाही.

आपल्या जुन्या कथांना ही अडचण ठाऊक होती असे वाटते. बाणासुराची मुलगी उषा स्वप्नात एका तरुणाला पाहते आणि त्याच्या ध्यासाने व्याकूळ होते. भागवताच्या दशम स्कंधातली ही कथा कीर्तनांतून आणि आख्यानांतून मराठी माणसाला परिचयाची आहे. तिथे उषेची सखी चित्रलेखा काय करते ते लक्षात घेण्यासारखे आहे. ‘तो अनिरुद्धच असणार’ असे ती सुचवत नाही. ती देव, गंधर्व, यादव अशा अनेकांची चित्रे एकामागून एक काढत जाते आणि अनिरुद्धाचे चित्र समोर येताच उषा लाजून मान खाली घालते. पुढे घडणारा चमत्कार हा श्रद्धेचा विषय. परंतु ओळख पटवण्याची ही रीत, म्हणजे अनेक चित्रांतून स्वप्न पाहणाऱ्याने स्वतः एक निवडणे, न्यूयॉर्कमधल्या एका इस्पितळात विसाव्या शतकात जवळपास तशीच वापरली गेली. तिकडे आपण येणारच आहोत. त्याआधी हा विषय प्रयोगशाळेपर्यंत कसा पोचला ते थोडक्यात पाहू.

1882 साली लंडनमध्ये ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी फ्रेडरिक मायर्स यांनी त्याच वर्षी ‘टेलिपथी’ हा शब्द घडवला. 1886 मध्ये एडमंड गर्नी, मायर्स आणि फ्रँक पॉडमोर यांचा ‘फँटॅझम्स ऑफ द लिव्हिंग’ हा दोन खंडांचा ग्रंथ आला. दूर असलेल्या आप्ताच्या मृत्यूची किंवा संकटाची जाणीव झाल्याच्या शेकडो हकिकती त्यात आहेत. त्यात स्वप्नांवरचा भाग वाचताना गर्नींविषयी आदर वाटतो, कारण टेलिपथीवर विश्वास असूनही स्वप्ने हा कच्चा पुरावा आहे हे ते मोकळेपणाने मान्य करतात. लाखो माणसांना रोज रात्री स्वप्ने पडतात, त्यांत वाटेल ते दिसू शकते, आणि त्यांतले एखादे प्रत्यक्ष घटनेशी जुळले तर तो योगायोग नव्हे असे कशावरून म्हणायचे, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला होता.

फ्रॉइड यांनी 1922 मध्ये ‘स्वप्न आणि टेलिपथी’ या निबंधात एका माणसाची हकिकत घेतली. या गृहस्थांच्या मुलीचे बाळंतपण डिसेंबरच्या मध्यावर अपेक्षित होते. नोव्हेंबरात एका रात्री त्यांना स्वप्न पडले की आपल्या दुसऱ्या बायकोला जुळे झाले आहे. लगेचच तार आली की मुलीला जुळे झाले. मुलगी पहिल्या बायकोची, दूरच्या गावी राहणारी. तेव्हा स्वप्नात बाळंत झाली ती बायको, आणि वास्तवात मुलगी. फ्रॉइड यांनी या फरकाचा अर्थ बापाच्या मनातल्या भावनांतून लावला आणि टेलिपथी खरी की खोटी याचा निकाल दिला नाही. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. बायकोच्या जागी मुलगी चालते, हा नियम तार आल्यावर ठरला. मुलीऐवजी शेजारीण बाळंत झाली असती तरी कदाचित चालले असते. जुळण्याचा नियम जुळल्यानंतर ठरवला तर फारच थोडी स्वप्ने न जुळणारी उरतात.

तिसरी हकिकत स्वप्नाची नाही, पण तिच्याशिवाय पुढचे काहीच झाले नसते. हान्स बर्गर हा जर्मन तरुण 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला सैन्यात उमेदवारी करत होता. सरावाच्या वेळी घोडा बिथरला, तो खाली पडला आणि तोफेच्या गाड्याच्या चाकाखाली येता येता वाचला. त्याच दिवशी घरून वडिलांची तार आली. भावावर काही संकट आले आहे असे बहिणीला वाटत होते, म्हणून तिच्या आग्रहावरून वडिलांनी चौकशी केली होती. हा योगायोग बर्गर आयुष्यभर विसरले नाहीत. मनाची ऊर्जा मोजता येईल का या ध्यासाने ते मेंदूच्या अभ्यासाकडे वळले आणि येना इथे 1924 मध्ये त्यांनी माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींची पहिली नोंद घेतली. 1929 मध्ये ती प्रसिद्ध केली. आज फिट्सच्या रुग्णाचा जो ईईजी काढतात, त्याचा उगम इथे आहे. टेलिपथी बर्गर यांना सापडली नाही. पण झोपलेला माणूस स्वप्न पाहतो आहे की नाही हे बाहेरून ओळखण्याचे साधन त्यांच्यामुळे मिळाले.

1953 मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतल्या डोळ्यांच्या जलद हालचालींचा टप्पा दाखवून दिला. त्यालाच आपण रेम झोप म्हणतो. साधारण दर नव्वद मिनिटांनी हा टप्पा येतो, रात्रीत चार-पाच वेळा. याच टप्प्यात माणसाला उठवले तर बहुतेक वेळा तो सविस्तर स्वप्न सांगतो. सकाळपर्यंत झोपू दिले तर त्यातले बहुतेक विसरलेले असते. स्वप्न टेलिपथीच्या संशोधकांना यात मोठी संधी दिसली. आठवणीच्या भरवशावर बसण्याऐवजी स्वप्न गरम असतानाच पकडता येणार होते.

ही संधी घेतली ती ब्रुकलिनमधल्या मायमोनिडीस वैद्यकीय केंद्राने. मनोविकारतज्ज्ञ माँटेग्यू उलमन यांनी 1962 मध्ये तिथे स्वप्न प्रयोगशाळा उभी केली. 1964 मध्ये तरुण मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली क्रिप्नर तिथे रुजू झाले. 1978 मध्ये प्रयोगशाळा बंद होईपर्यंत जगात या विषयावर इतके नेटके काम दुसरीकडे झाले नाही. टेलिपथीवर माझा विश्वास नाही, तरीही या प्रयोगशाळेची पद्धत मी आवर्जून समजावून सांगतो, कारण घरात सांगितल्या जाणाऱ्या हकिकतीत नेमके काय राहून जाते ते या पद्धतीवरून कळते.

संध्याकाळी दोन माणसे येत. एक झोपणारा, एक पाठवणारा. त्यांची ओळख करून देत, थोड्या गप्पा होत, मग झोपणारा खोलीत जाई. त्याच्या डोक्यावर आणि डोळ्यांच्या कडांना इलेक्ट्रोड लावत, तारा शेजारच्या खोलीतल्या यंत्राला जोडत. एकदा दार लागले की सकाळपर्यंत दोघांची भेट नाही. पाठवणारा दूरच्या खोलीत जाई. चित्रांच्या छापील प्रतींचा एक गट आधीच निवडून, प्रत्येक प्रत बंद पाकिटात घालून ठेवलेली असे. त्यातले कोणते पाकीट घ्यायचे ते यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून ठरे; कुणाच्या आवडीनिवडीवर नाही. खोलीचे दार बंद झाल्यावर पाठवणारा पाकीट उघडे आणि रात्रभर त्या चित्रावर मन केंद्रित करी. यंत्राजवळ बसलेल्याला चित्र कोणते ते ठाऊक नसे. रेम टप्पा संपत आला असे कागदावरच्या रेषांवरून दिसताच तो ध्वनिक्षेपकावरून झोपणाऱ्याला उठवी, ‘काय पाहत होता?’ असे विचारी आणि उत्तर ध्वनिफितीवर घेई. रात्रीत असे अनेकदा. सकाळी झोपणाऱ्याची सविस्तर मुलाखत होई आणि रात्री कशाचे चित्र असावे याचा त्याचा अंदाजही नोंदवला जाई.

नंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. ध्वनिफिती टंकलिखित करत आणि त्या बाहेरच्या परीक्षकांकडे जात. कोणत्या रात्री कोणते चित्र होते ते परीक्षकांना माहीत नसे. त्यांच्यापुढे सगळी चित्रे ठेवत आणि या स्वप्नाशी कोणते सर्वांत जवळचे, कोणते त्याखालोखाल, अशी क्रमवारी लावायला सांगत. गटात किती चित्रे असत ते प्रयोगमालेनुसार बदले. समजायला सोपे म्हणून आठ धरू. खरे चित्र क्रमवारीच्या वरच्या अर्ध्यात, म्हणजे पहिल्या चारांत आले, तर ती रात्र ‘जुळली’. नुसत्या योगायोगाने ही शक्यता निम्मी. पुष्कळ रात्रींत हे प्रमाण निम्म्याहून बरेच जास्त निघाले, तर काहीतरी विचार करण्याजोगे आहे.

एका रात्रीची हकिकत सांगतो. विल्यम अर्विन या मानसशास्त्रज्ञावर 1964 मध्ये प्रयोगमाला झाली. त्यातल्या एका रात्रीचे चित्र होते मेक्सिकन चित्रकार होसे क्लेमेंते ओरोस्को यांचे 1931 सालचे ‘सापातिस्तास’. त्यात रुंद काठांच्या टोप्या घातलेले शेतकरी-क्रांतिकारक एका दिशेने निघाले आहेत, काही घोड्यांवर, बरेच पायी, आणि मागे डोंगर व ढग आहेत. अर्विन यांनी त्या रात्री सांगितलेल्या स्वप्नांत वादळी पाऊस होता, प्रवास होता, आणि आपण पूर्वी राहिलेल्या न्यू मेक्सिकोची आठवण होती. तिथले डोंगर, तिथले मूळ रहिवासी, एका वेगळ्याच संस्कृतीची भावना. वाचताच कुणालाही वाटेल की जुळले. न्यू मेक्सिको आणि मेक्सिको, डोंगर आणि ढग, शेतकऱ्यांचा जथा आणि मूळ रहिवासी.

आता उलट बाजूने पाहा. स्वप्नात घोडेस्वार नाहीत, बंदुका नाहीत, मोर्चा नाही. न्यू मेक्सिको आले ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्यातून. पाऊस आणि प्रवास तर कुणाच्याही स्वप्नात येतात. हीच नोंद समुद्रकिनाऱ्याच्या चित्रासमोर ठेवली असती तर वादळाचा धागा पकडून आपण तिथेही काही जुळवले असते. जुळवणारे मन साम्याच्या जागा मोजते, विसंगतीच्या जागा सोडून देते. त्यामुळे ‘किती छान जुळतंय’ या वाटण्याला इथे किंमत नाही. चित्र माहीत नसलेल्या परीक्षकाने आठ चित्रांतून हेच वर लावले का, एवढाच प्रश्न विचारायचा. मायमोनिडीसच्या लोकांनी तो विचारला, आणि अर्विनच्या मालिकेत उत्तर त्यांच्या बाजूने आले. हे मान्य करायला हवे. आवडत नाही म्हणून निकाल लपवणे हा वैज्ञानिक संशय नव्हे.

मग अडचण कुठे? रात्री फार थोड्या होत्या. एका मालिकेत सात, दुसऱ्यात आठ, अशा. एका माणसाला रात्रभर यंत्राला जोडून ठेवायचे, दुसऱ्याने जागायचे, तिसऱ्याने यंत्र सांभाळायचे, मग पानेच्या पाने टंकलेखन, मग परीक्षक. इतका खर्च आणि श्रम, की मोठी संख्या गाठणे जवळपास अशक्य. थोड्या रात्रींत एक-दोन नशिबाच्या रात्री सगळे चित्र बदलतात. शिवाय एकच परीक्षक सगळ्या नोंदी आणि सगळी चित्रे एकत्र पाहत असेल, तर एका रात्रीचा निर्णय दुसऱ्या रात्रीच्या निर्णयावर परिणाम करतो. मग प्रत्येक रात्र स्वतंत्र नाणेफेक आहे असे धरून केलेले गणित पक्के राहत नाही.

खरी परीक्षा दुसरीकडे झाली. वायोमिंग विद्यापीठात डेव्हिड फोल्क्स हे स्वप्नांचे नामवंत अभ्यासक होते. त्यांनी आणि एडवर्ड बेल्वेडिअर यांनी हाच प्रयोग आपल्या प्रयोगशाळेत करायचे ठरवले. झोपणारा म्हणून त्यांनी रॉबर्ट व्हॅन डी कॅसल यांना घेतले. ते स्वतः स्वप्नांचे संशोधक आणि मायमोनिडीसमध्ये उत्तम निकाल दिलेले. पद्धत तीच, माणूस तोच. 1971 मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा की परीक्षकांना खरी चित्रे योगायोगापेक्षा जास्त वेळा ओळखता आली नाहीत. फोल्क्स यांच्या गटाने पुढच्या वर्षी दूरवरून पाठवण्याच्या प्रयोगाचीही पुनरावृत्ती करून पाहिली. तीही जुळली नाही. वायोमिंगमधले वातावरण संशयी होते, झोपणाऱ्यावर दडपण होते, असे स्पष्टीकरण पुढे आले. कदाचित दडपण असेलही. पण ज्या गोष्टीला फक्त विश्वास ठेवणाऱ्यांच्या घरातच उगवता येते, ती तपासायची कशी, हा प्रश्न त्या स्पष्टीकरणाने सुटत नाही. अधिकच घट्ट होतो.

1985 मध्ये येलचे मानसशास्त्रज्ञ अर्विन चाइल्ड यांनी ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात या सगळ्या कामाचा आढावा घेतला. अनेक पाठ्यपुस्तकांनी मायमोनिडीसचे प्रयोग चुकीचे वर्णन करून मोडीत काढले आहेत, असे त्यांनी उदाहरणांसह दाखवले. हे वाचताना मला संशयवाद्यांच्या बाजूने वाईट वाटले. ज्याला खोडायचे ते आधी नीट सांगावे लागते. त्या प्रयोगांतल्या खऱ्या मर्यादा पुरेशा होत्या. खोट्या मर्यादा शोधण्याची गरजच नव्हती.

आता आपल्या घराकडे येऊ. प्रयोगशाळेत झोपणारा आणि पाठवणारा सकाळपर्यंत बोलत नाहीत, आणि त्याआधी स्वप्न ध्वनिफितीवर गेलेले असते. घरात काय होते? एक जण सांगायला सुरुवात करतो. ‘मी एका मोठ्या पाण्याजवळ होतो...’ दुसऱ्याच्या डोक्यात रात्रीचे अर्धवट तुकडे तरंगत असतात. त्यांत काही ओले, काही निळे असते. ‘हो, मलाही पाणी दिसलं,’ असे तो म्हणतो. मग पहिला म्हणतो, ‘आणि तिथे पायऱ्या होत्या.’ दुसऱ्याला आता पायऱ्याही आठवू लागतात. दहा मिनिटांत दोघांकडे एक संपूर्ण, सारखे स्वप्न तयार होते. यात लबाडी कुणीही केलेली नसते.

हे असे होऊ शकते हे मोजून दाखवले गेले आहे, आणि तेही डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींविषयी. 2003 मध्ये फिओना गॅबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका गुन्ह्याचा प्रसंग दोन वेगवेगळ्या कोनांतून चित्रित केला. जोडीतल्या प्रत्येकाने एकच कोन पाहिला, पण दोघांनी तेच पाहिले असे त्यांना वाटत होते. मग त्यांना एकमेकांशी बोलू दिले. नंतर एकेकट्याला विचारले असता 71 टक्के लोकांनी स्वतः न पाहिलेली, केवळ जोडीदाराकडून ऐकलेली एक तरी गोष्ट ‘मी पाहिली’ म्हणून सांगितली. जागेपणी, शुद्धीत, नुकत्याच पाहिलेल्या चित्रफितीविषयी हे घडते. स्वप्नाची आठवण त्याहून कितीतरी विरविरीत असते. तिला जोडीदाराच्या शब्दांचे ठिगळ बसायला वेळ लागत नाही.

एकाच खोलीत झोपणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक साधे कारण असते. 1958 मध्ये विल्यम डिमेंट आणि एडवर्ड वोल्पर्ट यांनी रेम झोपेत असलेल्यांच्या अंगावर पाण्याचा बारीक फवारा मारला, डोळ्यांवर प्रकाश टाकला, ध्वनी ऐकवला, आणि थोड्या वेळाने उठवून स्वप्न विचारले. पाण्याच्या बाबतीत 42 टक्के वेळा स्वप्नात पाऊस, गळके छत असे काहीतरी शिरले होते. प्रकाश 23 टक्के वेळा, ध्वनी 9 टक्के वेळा. म्हणजे बाहेरच्या गोष्टी स्वप्नात येतात, पण दरवेळी नाही. पावसाळ्यात रात्री खिडकीतून तुषार येत असतील, पहाटे टाकीतले पाणी वाहून जात असेल, शेजारच्या देवळात काकडआरती सुरू झाली असेल, तर दोघांच्या स्वप्नांत त्याचा अंश येणे हे दोन मनांमधले दळणवळण नाही. एकच आवाज दोन जोडी कानांवर पडला, इतकेच.

दूर राहणाऱ्यांचे काय? तिथे ना एकच खोली, ना एकच आवाज. एक उदाहरण कल्पनेने घेऊ, पण असे प्रसंग ऐकलेले नाहीत असा वाचक नसेल. नाशिकची बहीण, टोरांटोतला भाऊ. दोघांना एकाच रात्री आई जुन्या वाड्याच्या ओसरीवर बसलेली दिसते. बहीण फोनवर सांगते आणि भाऊ गप्प होतो, कारण त्यालाही तेच दिसलेले असते.

पहिला प्रश्न: ‘एकाच रात्री’ म्हणजे काय? नाशिकला रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा हिवाळ्यात टोरांटोत दुपारचे साडेबारा असतात. बहीण सकाळी सहाला उठते तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेसात. बहीण झोपलेली असताना भाऊ कामावर आहे, जेवतो आहे, गाडी चालवतो आहे. दोघांची झोप एकमेकांना स्पर्शसुद्धा करत नाही. ‘तीच रात्र’ ही केवळ कॅलेंडरवरची तारीख. हा तपशील सांगणाऱ्याच्या लक्षात सहसा येत नाही, कारण हकिकतीत ‘त्याच रात्री’ हे शब्द फार शोभतात.

दुसरा प्रश्न: त्या आठवड्यात काय होते? आईची पुण्यतिथी जवळ आली असेल. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर कुणीतरी वाड्याचा जुना फोटो टाकला असेल. वाडा पुनर्विकासाला देण्याच्या कागदांवर सह्या चालू असतील. स्वप्ने कालच्या दिवसातून सामग्री घेतात हे सर्वज्ञात आहे. पाच ते सात दिवसांपूर्वीच्या गोष्टीही त्यांत पुन्हा डोकावतात असे कॅनडातल्या टोरे नील्सन आणि इतरांच्या अभ्यासांत आढळले आहे. मनी वसे ते स्वप्नी दिसे, आणि एका आईच्या दोन मुलांच्या मनी सारखेच वसते. ज्या माणसांमध्ये सामायिक स्वप्नांच्या हकिकती घडतात ती नेहमी जवळची माणसे असतात. टेलिपथीवाले म्हणतात की प्रेमामुळे मने जोडलेली असतात. मी म्हणेन की जवळच्या माणसांची आयुष्ये, भीती, घरे आणि मृत व्यक्ती सामायिक असतात. हेही प्रेमाचेच रूप आहे आणि त्याला संदेशवहनाची गरज लागत नाही.

तिसरे कारण मोठ्या संख्येचे. महाराष्ट्रात एक कोटी जोडपी आहेत असे धरू. प्रत्येकाला आठवड्यातून एकदा स्वप्न आठवते असे धरू. मग एकाच सकाळी दोघांनाही स्वप्न आठवण्याची वेळ वर्षातून सुमारे सातदा येईल. म्हणजे राज्यात वर्षाला सात कोटी अशा सकाळी. दोन स्वप्ने केवळ योगायोगाने थक्क व्हावे इतकी जुळण्याची शक्यता लाखात एक इतकी क्षुल्लक धरली, तरी वर्षाला सातशे जोडपी थक्क होतील, रोज सरासरी दोन. हे आकडे गृहीत आहेत. कुणी बदलून पाहावेत. पण कसेही बदलले तरी उत्तर शून्य येत नाही, आणि उरलेल्या कोट्यवधी सकाळींची हकिकत कुणी सांगत नाही.

न जुळलेलीही मोजली तर काय दिसते याचे एक दुर्मीळ उदाहरण आहे. 1 मार्च 1932 रोजी अमेरिकेत वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचे तान्हे मूल पळवले गेले. हार्वर्डचे हेन्री मरे आणि त्यांचे सहकारी व्हीलर यांनी वृत्तपत्रांतून लोकांना या घटनेविषयीची स्वप्ने कळवायला सांगितले. मूल मृतावस्थेत सापडण्याआधीच तेराशेहून अधिक स्वप्ने आली. मूल मेलेले आहे असे त्यांतल्या सुमारे पाच टक्क्यांतच होते. प्रत्यक्षात जुळलेल्या मृत्यू, खड्ड्यात पुरणे आणि आजूबाजूला झाडे, या तिन्ही गोष्टी एकत्र असलेली स्वप्ने फक्त चार. ती चार माणसे एकमेकांना भेटली असती तर आपल्याला एकच स्वप्न पडले होते असे त्यांना मनापासून वाटले असते, आणि त्यांच्यापुढे उरलेल्या तेराशेंचा गठ्ठा नसता तर आपणही मान डोलावली असती.

ज्यांना स्वतः तपासून पाहायचे असेल त्यांच्यासाठी एक रीत सांगतो. ती चित्रलेखेची आणि मायमोनिडीसची मिळून आहे. यंत्र लागत नाही. दोघांनी वेगळ्या वह्या उशाशी ठेवायच्या. जाग येताच, एकमेकांशी एक शब्दही बोलण्याआधी, जे आठवते ते लिहायचे आणि वही मिटायची. काही आठवले नाही तर तेही लिहायचे. दोघांनाही काही आठवले अशा आठ सकाळी जमल्या की तारखा झाकून त्या सोळा नोंदी, प्रत्येकाच्या आठ वेगळ्या गठ्ठ्यात आणि पिसून, तिसऱ्या माणसाकडे द्यायच्या आणि जोड्या लावायला सांगायच्या. निव्वळ अंदाजाने लावल्या तर आठांतून सरासरी एक जोडी बरोबर येते. तीन किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता शंभरात सुमारे आठ, चार किंवा अधिकची सुमारे दोन.

इथेही एक खाच आहे, आणि ती कळली तर या पुस्तकातली अर्धी हकिकत कळेल. समजा पाच जोड्या बरोबर आल्या. टेलिपथी सिद्ध झाली का? नाही. एके दिवशी घरी पाहुणे आले होते, दुसऱ्या दिवशी वीज गेली होती, तिसऱ्या दिवशी दोघांनी एकच चित्रपट पाहिला. तिसरा माणूस दिवस ओळखतो आहे, मने नाही. म्हणून एक तुलनेचा गट लागतो. तेच घर, तेच दिवस पाहिलेली तिसरी एखादी व्यक्ती, जिच्याशी असे काही ‘नाते’ असल्याचा दावा कुणाचाच नाही, तिनेही वही लिहायची. नवऱ्याची नोंद बायकोच्या नोंदीशी जितकी जुळते तितकीच ती घरात राहायला आलेल्या मामेभावाच्या नोंदीशीही जुळली, तर जुळणे घराचे आहे. नवरा-बायकोचे जुळणे मामेभावापेक्षा स्पष्टपणे जास्त निघाले, आणि दुसऱ्या घरात, दुसऱ्या माणसांनी केल्यावरही तसेच निघाले, तर मात्र मला त्या वह्या वाचायला आवडतील. तेव्हा न आठवलेल्या सकाळींची पानेही फाडू नयेत. तीही सोबत असावीत.